हायड्रॉलिक बेड, 14 महिन्यांनंतर : झाकण थांबत नसेल तर आधी गादीचं वजन करा

बेड 5 बाय साडेसहा फुटांचा, उशाकडे बिजागरी आणि पायथ्याकडून उचलायचं झाकण. खालचं सामान ठेवायचं खोकं उत्तम आहे, प्लाय फुगलेला नाही, आवाज नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. हे लिहायचं कारण एकच. नवव्या महिन्यापासून झाकण वर थांबेना. पूर्ण उघडलं की दोन-चार सेकंद थांबायचं आणि मग हळूहळू डोक्यावर यायचं. एका हाताने झाकण धरून दुसऱ्या हाताने वाकळा काढायच्या, अशी वेळ आली. गादीसकट साठ-सत्तर किलोंचं झाकण मानेवर आलं तर काय होईल हे सांगायला नको, म्हणून हा दोष किरकोळ समजू नका.

तेव्हा या बेडला पाचपैकी दोनच गुण दिले होते, "पंप हलके घातलेत" असं लिहून. ते मत आता बदललं आहे. का बदललं, तेच पुढे सांगतो.

आपण ज्याला पंप किंवा शॉकअप म्हणतो त्यात हायड्रॉलिक असं फारसं नसतं. बंद नळकांड्यात दाबून भरलेला नायट्रोजन वायू असतो आणि थोडंसं तेल. वायू दांडीला बाहेर ढकलतो, म्हणून झाकण वर जातं. तेलाचं काम सील ओलं ठेवण्याचं आणि शेवटचा धक्का मऊ करण्याचं. पंपाची ताकद नळकांड्यावर न्यूटनमध्ये छापलेली असते : 800, 1000, 1200, 1500. ढोबळमानाने शेवटचं शून्य काढलं की किलो मिळतात. 1000 न्यूटन म्हणजे साधारण 100 किलोंचा रेटा. या बेडमध्ये दोन्ही बाजूंना एकेक 1000 चा पंप होता आणि तो आकडा नेमका आतल्या, फळीकडच्या अंगाला. टॉर्च लावून, मोबाइल आत घालून फोटो काढला तेव्हा दिसला. बेडसोबतच्या कागदावर हा आकडा कुठेच नाही. माझी खरी तक्रार आजही हीच आहे. झाकण किती वजनासाठी बनवलंय आणि पंप किती न्यूटनचे आहेत, या दोन ओळी छापल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं.

वॉरंटीत आलेल्या कारागिराने जुने पंप काढून तेच 1000 चे नवे बसवले. ऑक्टोबरच्या उन्हात झाकण थांबलं. डिसेंबरात परभणीत पहाटेची थंडी पडली आणि झाकण पुन्हा खाली. त्याचं म्हणणं, "पीस खराब निघाला असेल." पीस चांगला होता. वायू गार झाला की त्याचा दाब उतरतो, दर 10 अंशांमागे जवळपास साडेतीन टक्के. खोलीत 35 अंश असताना जो पंप 1000 चा रेटा देतो, तो 12 अंशांत सव्वानऊशेच्या आसपास येतो. म्हणजे पंप आधीच काठावर होते आणि थंडीने ते उघडं पडलं. मग काठावर का होते?

उत्तर गादीत होतं. बेड आला तेव्हा त्यावर 15 किलोंची फोमची गादी होती. उन्हाळ्यात फोम पाठीला भाजतो, म्हणून एप्रिलमध्ये ती पाहुण्यांच्या खोलीत गेली आणि तिच्या जागी घरची कापसाची आली. कापसाची गादी 25 किलोंची. पुढे पिंजारी आला तेव्हा ती पिंजून घेताना आणखी 5 किलो कापूस भरला. झोपायला उत्तम झाली, पण झाकणावरचं ओझं 15 वरून 30 वर गेलं. मराठवाड्यात ज्यांनी असा बेड घेऊन वर कापसाची गादी टाकलीय, त्या प्रत्येकाने हे तपासावं.

मोजायला प्रवासी बॅगा तोलायचा 50 किलोंचा लटकता काटा पुरतो. दोन्ही पंप सुटे केले, झाकण खाली टेकवलं, पायथ्याच्या मधोमध दोरीचा फास अडकवला आणि काट्याने सरळ वर दोनेक इंच उचललं. उशाकडचा अर्धा भार बिजागरीवर जातो, म्हणून काट्यावर साधारण निम्मं वजन दिसतं. नुसत्या झाकणाला 19 किलो आले, फोमच्या गादीसकट साडेसव्वीस आणि कापसाच्या गादीसकट 34. आता त्रैराशिक मांडा. साडेसव्वीसला 1000 चे पंप पुरत होते, तर 34 ला 1283 लागतील. त्यावर थंडीसाठी आणि पंप जुना होईल त्यासाठी दहा-पंधरा टक्के धरा, की साडेचौदाशेच्या आसपास येतं. बाजारात त्यापुढचा आकडा 1500 चा. दुकानदार 1200 चे गळ्यात मारत होता, "एक नंबर वर घ्या, पुरे." 1200 हे 1283 च्याही खालीच, म्हणजे पुन्हा तीच रड.

हा हिशेब तेव्हाच चालतो, जेव्हा मूळ पंप मूळ गादीला नीट पेलत होते. पहिल्या दिवसापासूनच झाकण बसत असेल तर पायाच चुकीचा धरला जाईल.

पंप खरंच मेलाय की कमी पडतोय, हे ओळखणं सोपं आहे. काढलेला पंप दांडी खाली करून लाकडाच्या तुकड्यावर उभा धरा आणि अंगाचा भार टाकून सरळ दाबा. 1000 चा चांगला पंप 70 किलोंच्या माणसाला दबत नाही. दबला तर वायू गेला. दांडीवर तेलाचा ओला थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तरी सील गेलं समजा. नवव्या महिन्यात काढलेल्या जोडीतला डावा पंप असाच ओलसर निघाला, उजवा कोरडा आणि ठणठणीत होता. डाव्याच्या दांडीवर वाळलेल्या फेव्हिकॉलचा थेंब होता, बहुधा बेड जोडतानाचा. दांडी आत-बाहेर होताना तो थेंब प्रत्येक वेळी सीलवर घासतो. त्यामुळे दांडीला रंग, गोंद, पक्कडीचा ओरखडा काहीही लागू देऊ नका, आणि खोबरेल किंवा ग्रीसही लावू नका. त्यावर धूळ बसते आणि तीच सील खाते.

नवे घेताना जुना पंप दुकानात सोबत न्या. आकड्याखेरीज तीन मापं जुळायला हवीत : दांडी पूर्ण बाहेर असताना एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंतची लांबी (इथे 420 मिमी), दांडी किती आत जाते ते (140 मिमी), आणि भोकाचा व्यास (8 मिमी). लांबी दहा-पंधरा मिमीने जास्त झाली तरी झाकण गरजेपेक्षा वर जाऊन बिजागरीला पीळ बसतो. पंप नेहमी जोडीने बदला. एक नवा, एक जुना ठेवला की झाकण तिरकं उठतं आणि चौकट वळते. नांदेडला 1500 ची जोडी 1,150 रुपयांना मिळाली. सर्व्हिसवाल्यांनी 1000 च्याच जोडीचे मजुरीसकट 2,800 सांगितले होते.

बसवायला दोन माणसं आणि 13 चा पाना लागतो. गादी उतरवा, झाकण पूर्ण उघडा आणि पायथ्याच्या दोन्ही कोपऱ्यांखाली मापाचे लाकडी टेकू उभे करा. टेकू दोन इंच जाडीचेच हवेत, झाडूची काठी नको. झाकणाचा भार टेकूंवर आला की पंप हाताला सैल लागतो. तसा लागल्याशिवाय नटाला हात लावू नका. एका बाजूचा काढून नवा बसवा, मगच दुसऱ्या बाजूला जा. वायसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो घ्या, विशेषतः प्लास्टिकचा वायसर, कारण तो राहिला की महिन्याभरात किरकिर सुरू होते. झाकण बंद असताना दांडीचं टोक नळकांड्यापेक्षा खाली राहील असा पंप लावा, म्हणजे तेल सीलपाशी राहतं. नट घट्ट करा, पण पंप हाताने भोकाभोवती फिरला पाहिजे. आवळून जाम केला तर दांडीवर आडवा ताण येतो.

आता 1500 ची दुसरी बाजू. जास्त रेटा म्हणजे बिजागरीच्या पट्टीवर जास्त ओढ. पट्टी भुसा दाबून केलेल्या फळीत नुसत्या स्क्रूने बसवली असेल तर स्क्रू उपसून येतात. आधी स्क्रूभोवती फळी फुगलीय का, पट्टीखाली पोस्टकार्ड सरकतंय का ते पाहा. सरकत असेल तर स्क्रू काढून आरपार 6 मिमीचे बोल्ट आणि मागे रुंद वायसर घाला. या बेडला तसं करावं लागलं, दर बाजूला चार बोल्ट.

तेव्हापासून काही महिने झाले. सुरुवातीला सात-आठ किलोंचा जोर लावला की पुढे झाकण आपसूक वर जातं आणि जिथे थांबायचं तिथे थांबतं. जानेवारीच्या पहाटेही थांबलं. बंद करताना दोन्ही तळहातांनी दाबावं लागतं आणि घरातल्या आजींना ते जमत नाही. दाब कमी हवा म्हणून कापूस कमी करू नका, झाकण हलकं झालं की उलट जास्तच दाबावं लागतं. गादी उन्हात घालायला उतरवली की मात्र जपा. हलकं झालेलं झाकण हात लागताच उसळतं, मूल जवळ असेल तर हनुवटीला लागेल. आम्ही पायथ्याला बॅगेचा पट्टा बांधतो आणि मगच गादी काढतो. पुन्हा फोमची गादी टाकली तर हेच पंप उलट त्रास देतील, झाकण बोटभर उचललेलंच राहील. वॉरंटीत बसवलेली 1000 ची चालू जोडी म्हणूनच जपून ठेवलीय.

मेलेला पंप मात्र भंगारात देताना सांगून द्या. त्यात उरलासुरला दाब असू शकतो. तो कापायचा नाही, भोक पाडायचं नाही, शेकोटीत तर मुळीच टाकायचा नाही.

बेडला आता चार गुण. पाचवा त्या कागदावर आकडा छापतील तेव्हा.