फोंड्यात दोन फ्लॅट: कागदावर नवा एक लाखाने स्वस्त, हिशेबात साडेसहा लाखांनी महाग

गेल्या वर्षी आमची निवड शेवटी दोन फ्लॅटांवर आली. कुर्टीला काम चालू असलेल्या इमारतीतला नवा टू बीएचके, पार्किंग धरून ६० लाखांना. आणि खडपाबांधला नऊ वर्षं जुन्या इमारतीत तेवढ्याच खोल्यांचा फ्लॅट, ६४ वरून घासाघीस करून ६१ लाखांवर आणलेला. घरात सगळ्यांचं मत एकच: नवाही आणि लाखाने स्वस्तही, मग विचार कसला? मी पेशाने हिशेबनीस, त्यामुळे विचार केला. करारनाम्याचे मसुदे, बिल्डरचं खर्चाचं पत्रक, कंत्राटदारांची कोटेशनं आणि पुढे हातात आलेल्या पावत्या अशा सगळ्यांवरून खालचं गणित मांडलंय. ज्याला हेच ठरवायचंय त्याने आपले आकडे घालून ते पुन्हा करावं.

आधी क्षेत्रफळ. आपल्याकडे गोव्यात भाव चौरस मीटरवर सांगतात आणि तोही सुपर बिल्ट-अपवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. नवा ९२ मीटर, जुना ९४ मीटर, म्हणजे दोघांचा भाव मीटरला ६५ हजारांच्या आसपास. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतील. रेरा कायद्याखालच्या करारनाम्यात मात्र कार्पेट क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, लिहावं लागतं. तिथे नव्याचं निघालं ६५ मीटर. जुन्याचं आम्ही मंजूर आराखडा बघून आणि टेप लावून मोजलं, ते ७२ भरलं. सात मीटर म्हणजे एक बऱ्यापैकी खोली. नव्या इमारतीत ती लिफ्टची लॉबी, जिना आणि क्लबहाऊस यांच्यात गेली होती.

आता पूर्ण खर्च, रुपयांत:

| बाब | कुर्टी, नवा | खडपाबांध, जुना |
|---|---|---|
| करारातली किंमत | ६०,००,००० | ६१,००,००० |
| जीएसटी | ३,००,००० | नाही |
| मुद्रांक शुल्क | २,४०,००० | २,४४,००० |
| नोंदणी फी | १,८०,००० | १,८३,००० |
| दलाली, करासह | नाही | १,४३,९६० |
| बिल्डरचे इतर खर्च, करासह | २,३६,००० | नाही |
| वकील | २५,००० | ३५,००० |
| सोसायटी, घरपट्टी, वीज नावावर | वर धरलंय | ३०,००० |
| दुरुस्ती आणि इंटिरियर | ७,५०,००० | ६,००,००० |
| तोवरचं घरभाडं | २,८०,००० | २८,००० |
| एकूण | ८०,११,००० | ७३,६३,९६० |

कार्पेटच्या मीटरने भागलं तर नवा १ लाख २३ हजारांना पडतो आणि जुना १ लाख २ हजारांना.

मुद्रांक आणि नोंदणीत दोघांत फारसा फरक नाही, पण बाहेरून येणाऱ्यांना इथेच धक्का बसतो. सावंतवाडीच्या माझ्या मावसभावाने ‘नोंदणीचे तीस हजार धर’ म्हणून सांगितलं होतं. ती मर्यादा महाराष्ट्राची. गोव्यात नोंदणी फीही टक्केवारीने वाढत जाते. आमच्या किमतीला मुद्रांक ४ टक्के आणि नोंदणी ३ टक्के लागली, म्हणजे साठ लाखांवर चार लाख वीस हजार. किमतीच्या टप्प्यानुसार दर बदलतो, म्हणून टोकन देण्याआधी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आपल्या रकमेचा दर विचारून घ्या. नव्या फ्लॅटचे दस्त दोन होतात, आधी विक्रीचा करार आणि ताबा मिळाल्यावर विक्रीखत. करारावर भरलेलं मुद्रांक शुल्क विक्रीखतात वजा होतं. पण दुसऱ्या दस्ताचा उरलेला खर्च कोणाचा, हे कलम मसुद्यात शोधा. आमच्या मसुद्यात ते खरेदीदारावर होतं आणि विक्री कार्यालयात ते कोणी बोललं नव्हतं.

खरा फरक जीएसटीत आहे. बांधकाम चालू असताना घेतलं की ५ टक्के. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट मर्यादेत असेल तर १ टक्का, पण साठ लाखांत तो प्रश्नच येत नाही. ऑक्युपन्सी, म्हणजे इमारतीत राहायची परवानगी, मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर हा कर नाही, म्हणून बिल्डरकडे तयार होऊन उरलेला फ्लॅट हा तिसरा पर्याय असू शकतो. तिथे पंचायतीने किंवा पालिकेने दिलेला ऑक्युपन्सी दाखला स्वतः बघा आणि त्याची तारीख तुमच्या पहिल्या पैशाच्या आधीची आहे ना ते तपासा. ‘पुढच्या महिन्यात येतोय’ या भरवशावर टोकन दिलं तर कराचा वाद आपल्याच गळ्यात येतो.

बिल्डरचे ‘इतर खर्च’ हा मोघम आकडा होता. वीज-पाण्याची जोडणी, इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्सचा वाटा, कायदेशीर फी आणि आगाऊ देखभाल मिळून दोन लाख, त्यावर १८ टक्के जीएसटीचे छत्तीस हजार. हे करारातल्या किमतीच्या ओळीत नसतं. मागच्या एका परिशिष्टात असतं. ते आधी मागून घ्या.

जुन्या फ्लॅटवर दलाली बसली. दोन टक्के, म्हणजे १ लाख २२ हजार, वर १८ टक्के जीएसटी. ‘पावती नको असेल तर कर नको’ असा पर्याय आमच्यासमोरही आला. पावतीच घेतली. पुढे घर विकताना मुद्रांक, नोंदणी आणि दलाली घराच्या खरेदीखर्चात धरता येते, पण कागद असेल तरच. नव्या फ्लॅटची दलाली बिल्डर देतो म्हणतात. ती फुकट नसते, किमतीतच असते, एवढंच.

किंमत ५० लाख किंवा जास्त असली की खरेदीदाराने विक्रेत्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याचा आगाऊ आयकर, कापून भरायचा असतो. हा जादा खर्च नव्हे, किमतीतूनच जातो. पण बिल्डरच्या मागणीपत्रात पूर्ण रक्कम लिहिलेली असते आणि घाईत माणूस ती भरून बसतो, मग टीडीएस खिशातून जातो. गोव्यात आणखी एक गोष्ट. इथे लग्नाची मालमत्ता बहुतेकदा नवरा-बायको दोघांची असते, त्यामुळे दस्तावर विक्रेत्याच्या पत्नीची सही लागते आणि टीडीएसही दोघांच्या पॅनवर वेगवेगळा भरावा लागतो. याच चौकशीत आम्ही एक तिसरा फ्लॅट सोडला. मालक आखातात नोकरीला होता. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, भांडवली नफ्याच्या दराने बराच मोठा टीडीएस कापावा लागतो. तो कमी कापला तर कर खाते खरेदीदारालाच धरतं. टोकनआधी विक्रेत्याला ‘तुम्ही राहता कुठे’ हे विचारण्यात संकोच करू नका.

इंटिरियरमध्ये मला वाटत होतं जुन्यावर जास्त जाईल. नव्यात भिंती, फरशा आणि नळ सोडून काहीच नव्हतं. किचन, दोन कपाटं, ग्रिल, डासांची जाळी, पंखे, पडदे सगळं शून्यातून. कपाटाचं एक कोटेशन बघा. सात फूट बाय आठ फूट, ५६ चौरस फूट, दर १,३५०, म्हणजे ७५,६००. आम्ही हो म्हणालो. अंतिम बिलात माळ्याचे १२,६०० वेगळे, बिजागऱ्या आणि चॅनलचे ९,८०० वेगळे, झाले ९८,०००. वर १८ टक्के जीएसटी १७,६४०. शेवटी १,१५,६४०. म्हणजे मूळ आकड्याच्या दीडपटीहूनही जास्त. दर विचारताना तीन गोष्टी लिहून घ्या: माळा धरलाय का, आतलं लॅमिनेट धरलंय का, हार्डवेअर कोणत्या बनावटीचं. आणि प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का बघा. आयएस ३०३ चा साधा प्लाय सिंकखाली चार पावसाळे काढत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवलं तर पाठीला बुरशी धरते, दोन बोटं फट ठेवायला सांगा.

जुन्यात किचन नवं केलं, वायरिंग आणि रंग केला, पण सर्वांत मोठं काम दोन बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचं निघालं: एक लाख साठ हजार. ते आधी कळलं कारण आम्ही ऑगस्टमध्ये घर बघितलं. बाथरूमच्या मागच्या बेडरूमच्या भिंतीला खालून हातभर रंग फुगलेला होता आणि फरशीवर नाणं वाजवलं की दोन ठिकाणी पोकळ आवाज येत होता. जानेवारीत ती भिंत रंगवून सफाईदार दिसली असती. या भिंतीचे फोटो घेऊनच आम्ही ६४ वरून ६१ वर आलो.

भाड्याचा हिशेब सरळ आहे. आम्ही १४ हजार भाडं देत होतो. नव्यात ताब्याला अठरा महिने आणि कामाला दोन, असे वीस. जुन्यात दोनच. कर्जाचं व्याज दोन्हीकडे आहे म्हणून धरलं नाही. पण नव्यात भाडं आणि कर्जाचं व्याज एकाच वेळी जातं, हे महिन्याच्या पगारात जाणवतं.

बँकेचा मुद्दा अनेकांना उशिरा कळतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, आणि मुद्रांक, नोंदणी त्या किमतीत धरत नाही. आमच्या बँकेने जीएसटीही धरला नाही. म्हणजे नव्यासाठी ४८ लाख कर्ज आणि ३२ लाख ११ हजार स्वतःचे. जुन्यासाठी ४८ लाख ८० हजार कर्ज आणि २४ लाख ८३ हजार ९६० स्वतःचे. जुन्याचा एक धोका खरा: बँकेच्या व्हॅल्यूअरने किंमत ५८ लाखच लावली असती तर कर्ज २ लाख ४० हजारांनी घटलं असतं. म्हणून टोकनच्या कागदात ‘कर्ज या रकमेचं मंजूर न झाल्यास टोकन परत’ हे वाक्य घालून घेतलं.

नव्याच्या बाजूनेही एक आकडा काढून ठेवला होता. नव्याची किंमत एक लाखाने उतरली की कर आणि शुल्क धरून खर्च १ लाख १२ हजारांनी उतरतो. साडेसहा लाखांचा फरक मिटायला बिल्डरला साधारण ५४ लाख २० हजारांवर यावं लागलं असतं. स्वतःच्या घरात राहून वाट बघता येणाऱ्याला भाडं लागत नाही, त्याच्यासाठी तो ५६ लाख ५० हजारांच्या आसपास. मी हा कागद घेऊनच विक्री कार्यालयात गेलो. त्यांनी एक लाख कमी केले आणि बेडरूमचा एसी देऊ केला.