दही लावण्याचे यंत्र आणि घरातला उबदार कोपरा: थंडी व उन्हाळ्यातील वापरानंतरचा अनुभव

दही लावण्याचे हे विजेवरचे यंत्र घेऊन बरेच महिने झाले असून या काळात कडक थंडी आणि तीव्र उन्हाळा हे दोन्ही ऋतू पार पडले आहेत. त्याच्या बरोबरीने विरजलेले पातेले घरातल्या उबदार कोपऱ्यात झाकून ठेवण्याची जुनी पद्धतही मी चालू ठेवली, आणि शक्य तेव्हा एकाच दुधाचे दोन भाग करून दोन्हीकडे एकाच वेळी विरजण लावले. त्यावरून झालेले माझे मत असे आहे की थंडीत यंत्र निश्चितपणे उपयोगी पडते, समशीतोष्ण दिवसांत ते असून नसल्यासारखे असते, आणि उन्हाळ्यात ते दही बिघडवते. याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे.

माझे यंत्र साधे आहे. तळाशी मंद तापणारी तबकडी, तिच्यावर काचेच्या लहान बरण्या, वर एक पारदर्शक झाकण आणि चालू-बंद करण्याचे एक बटण, एवढीच त्याची रचना आहे. त्यात थर्मोस्टॅट नाही, म्हणजे ठरावीक तापमान गाठल्यावर तापवणे आपोआप थांबण्याची सोय नाही. अशी तबकडी सतत सारखीच उष्णता देत राहते. त्यामुळे बरण्यांतील दूध अमुक एका अंशावर स्थिरावत नाही, तर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर जाऊन थांबते. हे पाहण्यासाठी मी बरण्यांत दुधाऐवजी पाणी भरले, यंत्र चार-पाच तास चालू ठेवले आणि स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान मोजले. खोली १८ अंश सेल्सियस असताना पाणी ३९ अंशांवर स्थिरावले, आणि खोली ३४ अंशांवर गेली तेव्हा तेच पाणी ५३ अंशांपर्यंत चढले. ही पाण्याची चाचणी प्रत्येकाने यंत्र घेतल्यावर एकदा करावी, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण पुढचे सगळे या दोन आकड्यांवर अवलंबून आहे.

विरजणात दूध आंबवणारे जिवाणू असतात आणि घरच्या विरजणात ते सहसा एकाच प्रकारचे नसतात. काहींना २५ ते ३० अंशांच्या आसपासची सौम्य ऊब मानवते, तर काहींना ४० ते ४५ अंशांची. दोन्ही गट दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि आम्लता पुरेशी वाढली की दुधातील केसीन नावाचे प्रथिन एकमेकांत गुंतून दही लागते. उबदार गटाने लावलेले दही चार ते सहा तासांत घट्ट होते, सौम्य गटाचे आठ ते बारा तास घेते. तापमान २० अंशांच्या खाली गेले की दोन्ही गट मंदावतात आणि दूध तासन्‌तास कोमट-गार अवस्थेत पडून राहते. हाच काळ नको असलेल्या जिवाणूंच्या आणि यीस्टच्या पथ्यावर पडतो.

थंडीतील एक तुलना तपशिलाने सांगतो. एक लीटर दूध उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी दहा मिनिटे ढवळत ठेवले. हे तापवणे केवळ दूध निर्जंतुक करण्यासाठी नसते. त्यामुळे निवळीत जाणारी प्रथिने केसीनला चिकटतात आणि दही घट्ट लागून पाणी कमी सोडते. दूध ४२ अंशांपर्यंत निवल्यावर त्यात चार चहाचे चमचे ताजे विरजण आधी थोड्या दुधात कालवून मग सगळीकडे मिसळले, आणि अर्धे दूध यंत्राच्या बरण्यांत, अर्धे स्टीलच्या पातेल्यात ओतले. पातेले झाकून, जाड टॉवेलात गुंडाळून हॉटकेसमध्ये ठेवले आणि हॉटकेस स्वयंपाकघराच्या वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात. त्या वेळी खोली १८ अंशांवर होती. यंत्रातील दूध जवळपास ३९ अंशांवर टिकून राहिले आणि सहा तासांत दही लागले. हॉटकेसमधील दूध तीन तासांत ३७ अंशांवर आणि सहा तासांनी ३२ अंशांवर उतरले होते; त्याला लागायला नऊ तास लागले. चवीत मात्र कोपऱ्यातले दही सरस होते: गोडसर, किंचित लोण्यासारख्या वासाचे आणि कवडीदार. यंत्रातले दही गुळगुळीत आणि एकसारखे घट्ट होते, पण त्याची आंबट चव अधिक सरळ आणि थोडी धारदार होती.

याच तुलनेत पातेले हॉटकेसऐवजी नुसते झाकून कोपऱ्यात ठेवले, तर परिणाम फार वेगळा येतो. १८ अंशांच्या खोलीत अर्धा लीटर दूध काही तासांतच खोलीच्या तापमानाजवळ येते आणि सकाळी पातेल्यात दही न लागता नुसते दाटसर, कधी तार सुटलेले दूध मिळते. ही तार सौम्य गटातील काही जिवाणू कमी तापमानात तयार करत असलेल्या शर्करायुक्त चिकट द्रव्यामुळे येते. वास स्वच्छ असेल तर असे दही खायला अपायकारक नसते, परंतु त्याचे विरजण पुढे वापरले तर तार वाढत जाते, म्हणून विरजण बदलणे हाच उपाय आहे. म्हणून उबदार कोपऱ्याचा विचार करताना तो कोपरा किती उबदार आहे यापेक्षा तो ऊब किती वेळ धरून ठेवतो हे पाहावे. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. ही युक्ती आतली तार तापून उजळणाऱ्या जुन्या प्रकारच्या दिव्यानेच साधते, एलईडी दिव्याने ओव्हन फारसा उबत नाही.

उन्हाळ्यात चित्र उलटते. ३४ अंशांच्या खोलीत यंत्र चालू ठेवले की दूध पहिले काही तास चाळिशीत असते आणि झपाट्याने आंबते. पुढे तापमान पन्नाशी ओलांडते, नुकतीच तयार झालेली दह्याची जाळी आकसते आणि आतले पाणी बाहेर ढकलते. बरणीत वर हिरवट-पिवळी निवळी आणि खाली रवाळ, आखडलेला गोळा दिसतो. दही पूर्ण लागण्याआधीच तापमान चढले, तर जिवाणू मंदावतात किंवा मरतात आणि दूध अर्धवट फाटल्यासारखे राहते. यंत्र दीड तास चालवून बंद करणे आणि झाकण तसेच ठेवणे, हा उपाय काही अंशी लागू पडला, पण त्यासाठी घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते, आणि मग यंत्राचा लाभ उरत नाही.

उन्हाळ्यात खरी गरज उबदार नव्हे, तर त्यातल्या त्यात गार आणि सावलीच्या कोपऱ्याची असते. मी दूध ३० ते ३२ अंशांपर्यंत निवू देतो, अर्ध्या लीटरला अर्धा चहाचा चमचा एवढेच विरजण घालतो आणि दही रात्री न लावता सकाळी लावतो, म्हणजे ते लागताच फ्रिजमध्ये ठेवता येते. सहा-सात तासांनी पातेले हळूच कलते करून पाहावे: दही एकसंध राहून कडेपासून सुटल्यासारखे वाटले की ते लागले. कडेला निवळीची रेघ दिसू लागली असेल तर ते लागून वेळ झाला आहे आणि आंबटपणा वाढू लागला आहे. मातीचे भांडे या ऋतूत विशेष उपयोगी पडते, कारण त्याच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी बाष्प होऊन भांडे गार ठेवते आणि थोडी निवळी शोषली गेल्याने दही घट्ट होते. थंडीत हाच गुण दोष ठरतो.

महिने उलटल्यावर लक्षात आलेली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब विरजणाविषयी आहे. यंत्रातील दह्याचेच विरजण यंत्रात पुन्हापुन्हा वापरले की प्रत्येक वेळी अधिक उबेत वाढणारे जिवाणू पुढे जातात आणि सौम्य गट मागे पडत जातो. थंडी ओसरल्यावर तेच विरजण २६-२७ अंशांच्या कोपऱ्यात लावले, तेव्हा दही लागायला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला आणि पूर्वीचा सुवास आला नाही. म्हणून आता मी दोन विरजणे वेगळी ठेवतो. यंत्राचे विरजण यंत्रापुरते, आणि कोपऱ्यातील चांगल्या दह्याचे थोडे विरजण बर्फाच्या साच्यात गोठवून काही आठवड्यांसाठी राखून. गोठवलेल्या विरजणात काही जिवाणू मरतात, म्हणून पहिल्या वेळी ते दुप्पट घालतो. दुसऱ्या वेळेपासून नेहमीचे प्रमाण पुरते.

यंत्राविषयी दोन किरकोळ तक्रारी आहेत. झाकणाच्या आतून जमणारे बाष्प बरण्यांत ठिबकते आणि दह्यावर पाण्याचे ठिपके पडतात. झाकणाखाली स्वच्छ सुती कापड ताणून बसवल्याने ते थांबते. तसेच मधल्या आणि कडेच्या बरण्यांत दही एकाच वेळी लागत नाही, कारण कडेचा भाग थोडा गार राहतो. थंडीत कडेच्या बरण्यांना अर्धा-पाऊण तास अधिक द्यावा लागतो.

दोन्ही पद्धतींत एक खूण मात्र सारखीच मानावी. दह्यात बुडबुडे किंवा चिरा दिसल्या, यीस्टचा वास आला किंवा गुलाबी-नारिंगी छटा आढळली, तर ते दही आणि त्याचे विरजण दोन्ही टाकून द्यावे, भांडी आणि बरण्या उकळत्या पाण्याने धुवाव्यात आणि नव्या विरजणापासून सुरुवात करावी. थंडीत दूध मध्येच गार पडले की हा प्रकार अधिक होतो, आणि त्या ऋतूत यंत्र वापरण्यास माझ्या दृष्टीने हेच सर्वांत ठोस कारण आहे. नवे यंत्र घेणाऱ्याने मात्र थर्मोस्टॅट असलेले, ३८ ते ४३ अंशांच्या मर्यादेत राहणारे यंत्र निवडावे. माझ्या यंत्रासारखे साधे यंत्र केवळ थंड प्रदेशात किंवा थंडीच्या महिन्यांपुरते घ्यावे.