कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यावा की नायट्रोजनचा?

काम दोन्ही वायूंनी भागणार असेल, तर 10 लिटरचा कुठला सिलिंडर घ्यायचा? आधी एक आकडा बघा: क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही ते तापमान. कार्बन डायऑक्साइडचं ते 31 अंश सेल्सिअस आहे, नायट्रोजनचं उणे 147.

20 अंशाला कार्बन डायऑक्साइड दाबत गेलो की 57 बारपाशी दाब वाढायचा थांबतो. आणखी दाबलं की वायूचा द्रव होत जातो, दाबमापकाचा काटा मात्र जागचा हलत नाही. नायट्रोजन 57 बारला वायूच असतो, 150 ला वायू, 1000 ला तर चांगलाच दाट, पण द्रव नाहीच. रेणूंमधलं आकर्षण त्यांना एकत्र धरू बघतं आणि उष्णतेची धावपळ त्यांना सोडवते. दाबाने रेणू जवळ येतात, पण त्यांचा वेग कमी होत नाही. नायट्रोजनच्या रेणूंमधलं आकर्षण इतकं क्षीण आहे, की उणे 147 च्या वर धावपळच जिंकते. ही सीमा रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये कार्बन डायऑक्साइडवरच दाखवली. योग्य प्रमाणात वायू भरून बंद केलेली जाड काचेची नळी हळूहळू तापवली, तर 31 अंशांजवळ आतला द्रव दुधाळ होतो आणि द्रव-वायूमधली रेघच विरून जाते.

आता सिलिंडर. 10 लिटरमध्ये कार्बन डायऑक्साइड साधारण 6.7 किलो मावतो, म्हणजे बाहेर सुमारे 3600 लिटर वायू. नायट्रोजन 150 बारला जेमतेम 1.7 किलो, म्हणजे 1500 लिटरच्या आसपास. जागा कमी असेल तर माझं मत सरळ कार्बन डायऑक्साइडला.

पण त्याचा काटा फसवतो. 20 अंशाला आत थोडा जरी द्रव असला तरी तो 57 च दाखवतो. काटा उतरायला लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो आणि दोन किलोहून कमी वायू उरलेला असतो. म्हणून हा सिलिंडर वजनावरच मोजायचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं, तेवढं वजा करा. वायू भराभर घेतला तर उकळणारा द्रव स्वतःच गार होतो आणि दाब तात्पुरता पडतो. थोडं थांबलं की तो परत चढतो. नायट्रोजनचं गणित सोपं आहे: 150 चे 75 झाले की निम्मा संपला.

खोली तापणारी असेल तर मी कार्बन डायऑक्साइड घेणार नाही. भरलेल्या सिलिंडरमधला द्रव फुगत जातो आणि 28 अंशांच्या सुमारास वर मोकळी जागाच उरत नाही. तिथून पुढे प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. त्यामुळे हा सिलिंडर ठरलेल्या वजनापलीकडे कधीच भरायचा नसतो. जास्त भरला तर सुरक्षा-चकती फुटून सगळा वायू खोलीत येतो.