दहा डॉलरची पाटी आणि रिकाम्या सीटा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

वागळे इस्टेटमध्ये माझ्या मामांची लिफ्ट देखभालीची छोटी फर्म आहे. सोसायट्यांच्या तक्रारी नोंदवायला आणि टेक्निशियनचं वेळापत्रक लावायला आम्ही एक परदेशी क्लाउड सॉफ्टवेअर घेतलं. नाव देत नाही, कारण सॉफ्टवेअर चांगलं आहे, चार तारे. माझं भांडण त्याच्या किमतीच्या पानाशी आहे.

पानावर मोठ्या अक्षरात 10 डॉलर, खाली बारीक `per user / month, billed annually`. मामांनी हिशेब केला, ऑफिसातली आठ माणसं, म्हणजे महिन्याला ऐंशी डॉलर. मी म्हटलं, "मामा, दर महिन्याचा लिहिलाय, पण पैसे वर्षाचे एकदम जाणार." शिवाय सीटा, म्हणजे वापरणाऱ्यांसाठी विकत घ्यायच्या जागा, पाच-पाचच्या गठ्ठ्यानेच मिळतात, हे आकडा बदलायला गेल्यावर कळलं. आठ माणसांना दहा सीटा, म्हणून पहिलंच बिल 1200 डॉलर, म्हणजे लाखाच्या वर. महिन्याच्या महिन्याला भरायची सोय होती, पण तिथे सीटचा दर 13.

वरचा प्लॅन 18 डॉलरचा. मामांना त्यातली एकच गोष्ट हवी होती, कोणी कोणती नोंद बदलली त्याचा इतिहास, आणि तीही फक्त स्वतःला. पण एका खात्यातल्या सगळ्या सीटा एकाच प्लॅनच्या लागतात. दहा सीटांवर आठ-आठ डॉलर जास्त, वर्षाला 960. सोडून दिलं.

सीट म्हणजे माणूस नव्हे, हे मामांना पटवायला मात्र वेळ लागला. शेवटी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. सोसायटी तीन लिफ्टची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, करते. त्यातली एक चार महिने बंद राहिली, तरी आपण त्या लिफ्टचे पैसे परत देतो का? सीटही तशीच. माणूस गेला की त्याचं नाव काढून त्या जागी दुसऱ्याला बसवता येतं, पण रिकाम्या जागेचे पैसे मुदत संपेपर्यंत अडकलेलेच. वाढवायला मात्र एक बटण पुरतं. मागच्या नोव्हेंबरात तीन माणसं वाढली आणि अकराव्यासाठी पाचचा आख्खा गठ्ठा घ्यावा लागला. उरलेल्या सात महिन्यांचे 350 डॉलर गेले.

साइटवरच्या टेक्निशियनना फुकटच्या पाहुणा खात्यात ठेवलंय. ते आपलं काम बघू शकतात, नोंद बदलू शकत नाहीत. कोणी दया येऊन त्यांना बदलायचा हक्क दिला, की त्याच क्षणी एक सीट खर्ची पडते. म्हणून महिन्यातून एकदा बिलिंगच्या पानावर किती सीटा घेतल्या आणि किती वापरात आहेत, हे दोन आकडे मी बघते.

हे शहाणपण उशिरा आलं. जानेवारीत दोघं सोडून गेले, नऊ उरले, सीटा पंधरा. बारा जूनला नूतनीकरण होतं. अटींत लिहिलं होतं की सीटा कमी करायच्या तर तीस दिवस आधी, म्हणजे तेरा मेपर्यंत कळवा, नाहीतर आहे त्या संख्येवर पुढचं वर्ष आपोआप सुरू. आठवणीची मेल आली होती, पण सोडून गेलेल्या मुलीच्या पत्त्यावर. बिलिंगची संपर्क व्यक्ती अजून तीच होती.

मामा तरी निर्धास्त. "पंधरा हजारांच्या वरची रक्कम कार्डातून आपोआप जातच नाही, ओटीपी लागतो. आपण दिला नाही की झालं." रिझर्व्ह बँकेचा नियम त्यांनी बरोबर सांगितला. पण ओटीपी न दिल्याने पैसे अडतात, करार अडत नाही. पैसे कापले गेले नाहीत, 1800 डॉलरचं बिल मात्र उभं राहिलं आणि खातं बंद करण्याची ताकीद आली. पावसाच्या तोंडावर सगळ्या सोसायट्यांच्या तक्रारी त्यातच. भरले. नऊ माणसांना दहा सीटा पुरल्या असत्या, 600 डॉलर फुकट गेले. सपोर्टचं उत्तर नम्र होतं आणि नकारार्थी होतं.

कराचं एक राहिलंच. खातं उघडताना आम्ही जीएसटी नंबर दिला, त्यामुळे बिलावर कर नसतो. म्हणून कर नाहीच असं नाही, रिव्हर्स चार्जने 18 टक्के आयजीएसटी आपणच भरायचा. पहिल्या 1200 वर तो 216 डॉलरइतका झाला. हा खरेदीवर आधी भरलेल्या जीएसटीच्या क्रेडिटमधून वळता होत नाही, रोखीनेच भरावा लागतो. नंतर त्याचं क्रेडिट मिळतं, पण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या छोट्या धंदेवाल्यांना तेही नाही. त्यांनी पाटीवरच्या दरात हा 18 टक्के खर्च धरूनच चालावं.

आता बिलिंगचा पत्ता ऑफिसच्या सामायिक मेलचा आहे. सीटा दहावर आणायची विनंती मी जुलैतच पाठवून पोच घेतली, ती पुढच्या बारा जूनला लागू होईल. मामांनी एएमसी नूतनीकरणाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तेरा मेला लाल गोल केलाय, शेजारी लिहिलंय, "आपली एएमसी".