एकरी १०१२ गाड्या शेणखत: ओळी जोडणारं टूल सात महिने वापरल्यानंतर

आमच्या घरी शेतीवरचं एक जुनं पुस्तक आहे, साधारण १९५० च्या आसपासचं, खिळे जुळवून छापलेलं, २१२ पानं, कागद पार पापडासारखा झालाय. आजोबांनी त्यात पेन्सिलीने खुणा केल्यात. ते टाईप करून घ्यायचं म्हणून मी जानेवारीत एका स्कॅन-टू-टेक्स्ट टूलची वर्षाची वर्गणी भरली. नाव देत नाही, कारण मुद्दा टूलचा कमी आणि त्यातल्या एका बटणाचा जास्त आहे. बाकी अक्षर ओळख, पान सरळ करणं, डाग काढणं हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, ते ठीक चालतं, त्यावर लिहीत बसत नाही.

ते बटण म्हणजे "ओळी जोडा". पुस्तकातल्या तुटक ओळी एकत्र करून सलग परिच्छेद देतं, आणि ओळीच्या शेवटी हायफन देऊन तोडलेला शब्द परत जोडतं. पहिले तीन महिने मी या बटणावर इतका खूश होतो की अमळनेरच्या मित्रालाही घ्यायला लावलं.

एप्रिलमध्ये पहिली चाळीस पानं प्रिंट काढून नानांना वाचायला दिली. नाना म्हणजे माझे मोठे काका, वय ७८, कापूस आणि केळी दोन्ही आयुष्यभर केली. संध्याकाळी ओट्यावर बसून वाचत होते, मधेच हाक मारली, "का रे भो, एकरी एक हजार बारा गाड्या शेणखत? वाचून टाकलं का तू हे, का नुसतं छापलं?"

पुस्तक उघडलं. ओळीच्या शेवटी होतं "एकरी १०-" आणि खालच्या ओळीत "१२ गाड्या". टूलला हायफन दिसला, ओळ संपली, जोडून टाकलं. १०१२. मला घाम फुटला, कारण असं अजून कुठे कुठे झालंय ते कळायला मार्गच नव्हता, जोडल्यावर हायफन गायब आणि ओळ कुठे तुटली होती तेही गायब. चाळीस पानं परत स्कॅनशी ताडून पाहिली, दोन आठवडे गेले. "खत-पाणी" चं "खतपाणी", "बी-बियाणे" चं "बीबियाणे", आणि सगळ्यात वाईट म्हणजे "शेतकरी म्हणतो—" यातली लांब रेघ हायफन समजून पुढच्या ओळीला चिकटवली, "म्हणतोयंदा" असा शब्द तयार झाला.

सपोर्टला तीन मेल टाकले. उत्तर आलं की सेटिंगमध्ये "हायफन ठेवा" करा. केलं. मग "करण्या-साठी", "शेत-कऱ्याला", "पाव-साळा" असं पानापानावर. म्हणजे एक तर सगळं जोडा नाहीतर काहीच जोडू नका. तेव्हा मी एक स्टार दिला होता आणि तो रागात दिला होता हे मान्य.

आता मत बरंच बदललंय, का ते सांगतो.

शाळेत आपल्याला संयोगचिन्हाचे दोन उपयोग शिकवले होते, दोन शब्द जोडायला आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिला तर. चिन्ह एकच, कामं उलटी. खिळे जुळवणारा जुळारी ओळ भरली की शब्द तोडून हायफन लावायचा, आणि "आई-वडील" नेमका त्या जागी आला तर तोच हायफन दोन्ही कामं करायचा. म्हणजे नुसत्या त्या हायफनकडे बघून कोणालाच सांगता येणार नाही, ना टूलला ना मला. उत्तर त्या जागी नाहीच, ते पुस्तकात दुसरीकडे आहे. तोच शब्द ओळीच्या मधे कुठेतरी आलेला असतो, आणि तिथे हायफन असेल तर तो लेखकाचा आहे, जुळाऱ्याचा नाही.

मग मी "ओळी जोडा" पूर्ण बंद केलं आणि टूलमधून मजकूर ओळी जशाच्या तशा ठेवून बाहेर काढला. हा पर्याय आहे, फक्त एक्स्पोर्टच्या मेनूत खोल लपवलाय. मग प्रत्येक ओळीच्या शेवटच्या हायफनपुढे एक खूण ठेवली, जोडलं काहीच नाही:

```python
import re
t = open("pustak.txt", encoding="utf-8").read()
t = re.sub(r"[-\u00ad]\n\s*", "-¶", t)
print(t.count("बीबिया"), t.count("बी-बिया"))
```

आता तुटलेली जागा "बी-¶बियाणे" अशी दिसते, त्यामुळे ती मोजणीत येत नाही, फक्त ओळीच्या मधले खरे शब्द मोजले जातात. माझ्याकडे उत्तर आलं ० आणि ११. म्हणजे हायफन ठेवायचा. "पावसा" ला "पाव-सा" शून्य आणि "पावसा" कितीतरी, म्हणजे जोडायचं. मुद्दाम "बिया" पर्यंतच शोधलं, कारण मराठीत बियाणे, बियाण्याला, बियाण्यांची असं शेपूट बदलत राहतं, पूर्ण शब्द शोधला तर निम्मे निसटतात.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो कारण माझ्या दोन रात्री गेल्या. पायथॉनच्या नेहमीच्या `re` मध्ये `\w+` वापरून मराठी शब्द काढू नका. त्याला काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही शब्दाची अक्षरं वाटतच नाहीत, त्यामुळे "करण्या" चे मधेच तुकडे पडतात आणि मोजणी खोटी येते. `[\u0900-\u097F]+` लिहा, मग बरोबर.

आणि आजची शब्दसूची किंवा स्पेलचेकर यावर भिस्त ठेवू नका. पुस्तक १९६२ च्या लेखननियमांच्या आधीचं आहे, त्यात "नाहीं", "कांहीं", "शेतांत" असे अनुस्वार आहेत, स्पेलचेकर त्यांना चूकच म्हणतो. त्यात आमच्या पुस्तकात मधेमधे अहिराणी म्हणी आहेत, "अठे-तठे" सारखे शब्द कुठल्या सूचीत सापडणार. त्या पुस्तकाचा कोश ते पुस्तकच.

आकडे मात्र मोजणीत टाकतच नाही. हायफनच्या दोन्ही बाजूला अंक असतील तर हायफन ठेवायचा, विषय संपला. १०-१२ असो की १९४७-४८ असो, या पुस्तकात ओळीच्या शेवटी आकडा तोडलेला मला एकदाही सापडला नाही. हा एक नियम टूलने घातला असता तरी नानांसमोर मान खाली गेली नसती.

मग राहिले ते शब्द जे पुस्तकात एकदाच येतात. तिथे दुसरा तुकडा बघायचा. "च्या", "तून", "ला", "साठी" असा प्रत्यय किंवा शब्दयोगी असेल आणि पहिला तुकडा "करण्या", "शेता", "विहिरी" असा सामान्यरूपात असेल तर डोळे झाकून जोडा, कारण "करण्या" एकटा उभा राहूच शकत नाही. पण दोन्ही बाजू बघा, एकच बघून चालत नाही. "साठी" एकटा वयाचा असू शकतो, "ने" म्हणजे "घेऊन जा" असू शकतो.

जूनमध्ये एक गोष्ट लक्षात आली ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. सगळ्या खुणा पानागणिक मोजल्या तर विषम पानांवर सरासरी तीन हायफन येत होते आणि सम पानांवर जेमतेम एक. जुळारी काही पान बघून शब्द तोडत नाही. विचार करकरून स्कॅन उघडले तेव्हा कळलं. सम पान डाव्या हाताला असतं, त्याची उजवी कड बांधणीत जाते, तिथे कागद वळतो, सावली पडते, आणि ओळीच्या शेवटचा बारीकसा हायफन त्या सावलीत बुडतो. टूलला तो दिसतच नाही. म्हणजे सम पानांवर निम्म्याहून जास्त तुटलेले शब्द हायफनशिवाय पडून होते, आणि साध्या जागेने जोडल्यामुळे "शेतक ऱ्यांना", "विहिरी तून" असं झालं होतं. ही चूक हायफन शोधून कधीच सापडणार नाही.

तिथे उपाय तोच, फक्त उलटा. ओळीचा शेवटचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द जागा न सोडता जोडून बघायचे, जोडलेला शब्द पुस्तकात मधे कुठे सापडतो का, आणि सुटे तुकडे एकटे सापडतात का. "शेतक" एकटा २१२ पानांत कुठेच नाही, "शेतकऱ्यांना" भरपूर. जोडा. "मोठ्या" आणि "विहिरी" दोन्ही एकटे भरपूर आणि जोडून शून्य, तर मधे जागा ठेवा. पुस्तक अजून थोडं उघडून, काचेवर दाबून तीस-चाळीस सम पानं परत स्कॅन केली तर हायफन बरेच परत आले, पण बांधणी सुटायला लागली म्हणून थांबलो.

पान बदलतं तिथे शब्द तुटला असेल तर आधी वरचं प्रकरणाचं नाव, पानाचा आकडा, आणि फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या, पहिल्या पानाखालचा छोटा आकडा काढून टाका, मगच जोडा. मी उलट केलं होतं तर "पाऊस ५७ मान" मिळालं. आणि जात्यावरच्या ओव्या, म्हणी यांच्या ओळी जोडायच्याच नाहीत, ती पानं मी हातानेच वेगळी काढली, आठ पानं होती.

या सगळ्यातून सहाशेच्या आसपास जागांपैकी चाळीसेक अशा उरल्या जिथे पुस्तकच दोन तऱ्हेने लिहितं, "हळूहळू" पण आणि "हळू-हळू" पण. तिथे ज्या तऱ्हेने जास्त वेळा लिहिलंय ती घेतली, आणि स्कॅनमधला पानक्रमांक शेजारी टिपून ठेवला, म्हणजे उद्या मत बदललं तर परत जाता येईल.

टूलबद्दल आता: अक्षर ओळख चार स्टार, "ओळी जोडा" ला एक, आणि ओळी जशाच्या तशा देतं म्हणून एक स्टार वाढवून एकूण तीन. जो पर्याय लपवलाय तोच सगळ्यात कामाचा आहे. वर्गणी पुढच्या वर्षी भरणार नाही, कारण जोडण्याचं काम मी स्वतःच करतोय तर त्याचे पैसे का द्यायचे.

एक जागा शेवटपर्यंत अडली होती, पान १४३ वर "वखर-" आणि खाली "पाळी". पुस्तकात दुसरीकडे कुठेच नाही, दोन्ही तुकडे एकटे उभे राहतात, मोजणी गप्प. नानांना विचारलं की मृग लागायच्या आधी दुसऱ्यांदा वखर फिरवायचा त्याला तुम्ही काय म्हणता. ते म्हणाले, "वखरपाळी. दुसरं काय म्हणणार." मधे कुठे थांबले नाहीत. जोडून टाकलं.