पुरणासाठी जुन्या बाजारातून काय उचलावं?

तुम्ही इंग्लंड-अमेरिकेत राहता, पुरणयंत्र भारतातून आणलेलं नाही आणि होळी जवळ आली आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानात एका फळीवर तीन भांडी दिसतात, नावाची चिठ्ठी एकावरही नाही. असं धरून बघू.

पहिलं खोलगट आहे. तळाला भोकांची चकती, मधोमध फिरवायचा दांडा, त्याला तिरकं पातं. बाहेरून निघालेल्या आधारांना खाचा असतील, तर त्या पातेल्याच्या काठावर बसण्यासाठी. हे आपलं पुरणयंत्रच. तिकडे ते ‘फूड मिल’ म्हणून विकतात, ब्रिटनमध्ये ‘मुली’ही म्हणतात. फ्रान्समध्ये झाँ मांतले यांनी 1932 मध्ये बटाटे-भाज्या गाळायला असं यंत्र बाजारात आणलं; मुलिनेक्स कंपनी त्यातूनच उभी राहिली.

दुसऱ्याला दोन लांब दांडे, मध्ये भोकांची वाटी आणि वरून दाबणारी तबकडी. चकलीच्या सोऱ्याचा भाऊ वाटेल, पण तो ‘पोटॅटो रायसर’. उकडलेल्या बटाट्याला छान. पुरणाचं मात्र वाटी-वाटीने काम, आणि भोकं मोठी असली तर डाळीची कणी तशीच खाली उतरते. पोळी लाटताना ती कणी पारी फाडते.

तिसरं भोकांचं शंकू, तिवईवर ठेवलेलं, सोबत लाकडी टोकदार मुसळ. हा ‘कोन स्ट्रेनर’, सफरचंदाचा किंवा टोमॅटोचा गर काढायला वापरतात. पुरण मऊ उतरतं, पण हात भरून येतो. पाव किलो डाळीपुरतं ठीक.

मी पहिलंच घेईन, तेही तपासून. पातं आणि चकती यांच्यात कागदाचा तुकडा ठेवून दांडा फिरवा. पात्याने कागद घासत ओढला तर ठीक. कागद जागेवर राहिला आणि पातं वरून निघून गेलं, तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा पातं वाकलं आहे. पुरण नुसतं गोल फिरत बसेल. दुसरी पाहायची गोष्ट चकती. बहुतेक फूड मिलना दोन-तीन चकत्या असतात, जुन्या बाजारात त्यातली बारीक हरवलेली असू शकते. भोकं साधारण दीड-दोन मिलिमीटरची हवीत. जुन्या कल्हईच्या पत्र्यावर गंज दिसला तर सोडून द्या.

वापरताना गूळ घालून घट्ट केलेलं पुरण गरम असतानाच फिरवा, निवलं की दांडा अडतो. अडला तर जोर करू नका. अर्धा फेरा उलटा घ्या, पात्याखाली दाटलेलं वर येतं. तरीही डाळ खाली उतरत नसेल तर दोष यंत्राचा नाही, डाळ कच्ची आहे.