परीक्षेच्या दिवसांत लाइट गेली तर: चार्जिंगचा दिवा, पॉवर बँकवरचा दिवा की फोन?

माझ्या भाचीच्या बारावीच्या वर्षी घरात चार्जिंगचा अभ्यासाचा दिवा होता, चांगली पॉवर बँक होती आणि फोनही होता. तरीही एका संध्याकाळी तिन्ही एकामागून एक संपले आणि रसायनशास्त्राचा अर्धा धडा तसाच राहिला. वस्तू कमी नव्हत्या. कोणत्या वस्तूत किती वीज साठते आणि ती कुठे खर्च होते, हा हिशोब आम्ही कधी मांडला नव्हता. त्यानंतर तो मांडला, आणि निवड बरीच सोपी झाली.

दुकानात सगळे एमएएचचा आकडा दाखवतात, पण त्या एका आकड्यावरून काही कळत नाही. त्याला बॅटरीच्या व्होल्टने गुणून हजाराने भागलं की वॉट-तास मिळतात, आणि तुलना त्यांचीच करायची. तीन वॉटचा दिवा चार तास चालवायचा तर बारा वॉट-तास लागतात. एवढं गणित पुरेसं आहे.

आता चार्जिंगचा दिवा, म्हणजे बॅटरी आतच बसवलेला. अभ्यासाच्या अशा अनेक दिव्यांत १२०० ते २००० एमएएचचा ३.७ व्होल्टचा सेल असतो. २००० एमएएच धरला तरी साडेसात वॉट-तासांहून कमी. मधल्या उजेडावर दिवा अडीच वॉट खात असेल, तर नवा असताना तो पावणेतीन-तीन तास चालेल. खोक्यावर ‘आठ तासांपर्यंत’ लिहिलेलं असतं ते सर्वांत मंद उजेडाचं, आणि त्या उजेडात बारीक टाइपातली आकृती वाचताना डोळे दुखतात. त्यात साध्या दिव्यांमध्ये बॅटरी उतरेल तसा उजेडही हळूहळू उतरतो. डोळे जुळवून घेत राहतात म्हणून मुलांना ते कळत नाही, फक्त ती पुस्तकावर जास्त जास्त वाकायला लागतात. म्हणून ‘दिवा किती वेळ पेटतो’ हे न मोजता ‘किती वेळ नीट वाचता येतं’ ते मोजावं.

तरीही या दिव्याचा एक गुण मोठा आहे. लाइट गेली की हात पुढे करायचा, बटण दाबायचं, वाचन चालू. वायर शोधायची नाही, काही जोडायचं नाही. तुमच्याकडे लाइट तास-दीड तासाच्या आत येत असेल, तर मी हाच घेईन आणि पुढचा विचार करणार नाही.

लाइट तीन-चार तास जात असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: बॅटरी नसलेला, यूएसबीवर चालणारा साधा एलईडी दिवा आणि वेगळी पॉवर बँक. १०,००० एमएएचच्या बँकेत आतल्या सेलच्या हिशोबाने ३७ वॉट-तास असतात. पण सेलचे ३.७ व्होल्ट यूएसबीच्या ५ व्होल्टवर चढवताना थोडी वीज वाया जाते. बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून वेगळा आकडा असतो, बहुधा ५ व्होल्टला ६००० एमएएचच्या आसपास. म्हणजे हाताशी येणारे ३० वॉट-तास. हिशोब याच आकड्यावर करायचा.

समजा संध्याकाळी सहा ते दहा लाइट नाही, आणि पहाटे पाच ते सात पुन्हा नाही. एकूण सहा तास. दिवा पूर्ण उजेडावर पाच वॉट खातो, तर सहा तासांत तीसही वॉट-तास संपतात आणि फोनसाठी काही उरत नाही. तोच दिवा एक पायरी खाली आणून तीन वॉटवर ठेवला, तर अठरा लागतात आणि बारा उरतात. ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची असते. चार्ज करताना होणारी गळती धरून त्या बारात फोन साधारण अर्धा भरतो. उजेडाची कमी झालेली पायरी भरून काढायला दिवा वहीच्या थोडा जवळ आणावा. अंतर निम्मं केलं की त्या जागेवरचा उजेड जवळजवळ चौपट होतो, आणि त्याला वीज काहीच लागत नाही. फक्त दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला असू दे, नाहीतर हाताची सावली अक्षरांवर पडते.

या जोडीच्या दोन खोडी आधी माहीत असाव्यात. पहिली: दिवा फार मंद ठेवला तर काही पॉवर बँकांना वाटतं की काही जोडलेलंच नाही, आणि त्या थोड्या वेळात आपोआप बंद होतात. दिवा दर मिनिटाला विझत असेल तर दिवा बिघडलेला नसतो. उजेड एक पायरी वाढवा, किंवा बँकेला कमी करंटचा मोड असेल तर तो चालू करा. बऱ्याच बँकांमध्ये त्यासाठी बटण दोनदा दाबावं लागतं.

दुसरी खोड जास्त नडते, आणि आमच्याकडे तीच नडली होती. रिकामी बँक भरायला वेळ लागतो. जुन्या एक अँपिअरच्या चार्जरवर १०,००० एमएएचची बँक भरायला आठ-दहा तास जातात. दोन अँपिअरच्या चार्जरवर आणि धड वायरवर तेच काम पाच-सहा तासांत होतं. दिवसा लाइट तीनच तास असेल, तर जुन्या चार्जरवर बँक तिसरा हिस्साही नीट भरत नाही आणि दुसऱ्या संध्याकाळी सगळे बुचकळ्यात पडतात. नवी बँक घेण्याआधी चार्जरवर ‘आउटपुट’पुढे काय छापलंय ते पाहा.

फोनचा टॉर्च मी अभ्यासाच्या दिव्यांत धरतच नाही. तो बॅटरी संपवतो म्हणून नव्हे. टॉर्च साधारण एका वॉटच्या आसपासच खातो. अडचण उजेडाची आहे. एकाच ठिपक्यातून येणारा उजेड पानाच्या मध्यभागी चकाकतो आणि कडा अंधारात राहतात. शिवाय फोन टेकवून ठेवायला लागतो, तो तापतो, आणि टॉर्च म्हणून वापरताना त्यावरचे नोट्स वाचता येत नाहीत. जिन्यात, स्वयंपाकघरात, दिवा सापडेपर्यंत टॉर्च ठीक.

फोनची खरी गरज पहाटेचा गजर, परीक्षेच्या दिवशीचे फोन आणि एखादी पीडीएफ एवढीच असते, आणि त्यासाठी अर्धी बॅटरी भरपूर आहे. लाइट गेल्यावर कधीकधी मोबाइल टॉवरही अडखळतो. मग फोन सिग्नल शोधत राहतो आणि नुसता पडून असतानाही बॅटरी भराभर उतरते. नोट्स आधीच डाउनलोड करून ठेवा आणि अभ्यासाच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर टाका. गजर त्या मोडमध्येही वाजतो.

घरात जुना चार्जिंगचा दिवा असेल तर नवं काही घेण्याआधी त्याची एक परीक्षा घ्या. रात्रभर चार्ज करा, मधल्या उजेडावर लावा, त्याच्याखाली पाठ्यपुस्तकातली तळटीप वाचत राहा आणि ती वाचायला त्रास व्हायला लागला की घड्याळ पाहा. दोन तास निघाले तर तो लाइट गेल्यागेल्याच्या वेळेसाठी टेबलावर ठेवा आणि पुढच्या तासांसाठी पॉवर बँक राखून ठेवा. चाळीस मिनिटांतच अक्षरं पुसट झाली तर सेल थकला आहे. दिव्याचा तळ फुगलेला दिसला, तर मात्र तो पुन्हा चार्जिंगला लावू नका.